वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटीची वेळ मागणारं पत्र

प्रश्न : गल्लीत ड्रेनेज तुंबून सांडपाणी रस्त्यावर येतं. विभागीय कार्यालयात दोन अर्ज देऊन झाले. आता थेट आयुक्तांना भेटायचंय. पत्र कसं लिहू? दिवस आपण सुचवले तर चालतं का? कागद कोणते जोडू?

उत्तर : पत्रात तक्रार दोन-तीन ओळींत उरका आणि मागणी एकच ठेवा, भेटीची. पानभर गाऱ्हाणं लिहिलंत तर कार्यालय तो तक्रार अर्ज धरतं आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून विभागीय कार्यालयाकडेच पाठवतं. उत्तर तिथूनच आलं, की पत्राचं असंच झालं हे ओळखा. म्हणून विषयाच्या ओळीतच भेट हवी.

> विषय : गल्लीतील सांडपाण्याच्या समस्येबाबत भेटीची वेळ मिळणेबाबत.
> संदर्भ : विभागीय कार्यालयास दिलेले दोन अर्ज (दिनांक व आवक क्रमांक).
>
> महोदय,
> आमच्या गल्लीतील मलवाहिनी वारंवार तुंबते. संदर्भीय अर्जांनंतर चेंबर साफ करण्यात आले, परंतु काही दिवसांतच ते पुन्हा भरून वाहू लागते. वाहिनी बदलण्याबाबत आपणांस प्रत्यक्ष भेटून म्हणणे मांडायचे आहे. तरी आम्हा 3 रहिवाशांना 15 मिनिटांची वेळ द्यावी, ही विनंती. मंगळवार किंवा गुरुवारी दुपारी 3 नंतर आम्हांस सोयीचे आहे. तथापि आपण कळवाल त्या दिवशी उपस्थित राहू.

खाली सही, पत्ता आणि एकच मोबाइल नंबर, जो नक्की उचलला जाईल असा.

दिवस जरूर सुचवा, पण तारखेऐवजी वार लिहा. पत्र टेबलावर पोहोचेपर्यंत तारीख उलटून जाते. पत्र लिहिण्याआधी आयुक्तांच्या स्वीय सहायकांना फोन करून अभ्यागतांची वेळ आणि बैठकांचे वार विचारून घ्या. माणसं किती आणि वेळ किती, हे आकडे गाळू नका. त्यावरूनच ते तुम्हाला दोन बैठकांच्या मधे बसवतात.

कागदांत सगळ्यांत वजन आहे ते शिक्का असलेल्या जुन्या अर्जांच्या प्रतींना. खालचे दरवाजे ठोठावून वर आलात, हे त्यावरूनच दिसतं. शिक्का घ्यायचा राहिला असेल तर आधी विभागीय कार्यालयातून आवक क्रमांक काढून आणा. फोटो दोनच पुरेत, एकाच जागेवरून काढलेले: चेंबर साफ केल्याच्या दिवशीचा आणि ते पुन्हा भरल्यावरचा, दोन्हींवर तारीख. सफाईने प्रश्न सुटत नाही, हे त्यात लगेच कळतं. रहिवाशांच्या सह्यांचं एक पान जोडा. मूळ कागद देऊ नका, ते भेटीला सोबत न्या. ‘सहपत्रे’ म्हणून यादी करून पानांना क्रमांक घाला, म्हणजे एखादा कागद गहाळ झाला तरी कळेल.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. आठवडाभर काही कळलं नाही तर फोनवर सगळी कथा न सांगता आवक क्रमांक आणि तारीख सांगा. आयुक्तांऐवजी उपायुक्तांची वेळ मिळाली तर ती नाकारू नका. मात्र वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव कोणाकडे, कधी जाणार, हे त्या भेटीतच विचारून लिहून घ्या.