दरमहा येणारे ते सगळे व्याज नाही

«माझ्याकडे जिनी मेचे पन्नास हजार डॉलर दर्शनी मूल्याचे, साडेसहा टक्क्यांचे पास-थ्रू रोखे आहेत. वर्षापूर्वी १०३च्या भावाने घेतले. दरमहा सातशेच्या वर व्याज येते, ते घरखर्चाला जाते. व्याजदर उतरले की भाव ११०वर जाईल, असे ब्रोकर सांगतो. आणखी पन्नास हजारांचे घ्यावेत का?» – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

घेऊ नका, पण त्याआधी घरखर्चाचे पाहू. पन्नास हजारांवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला जेमतेम २७० डॉलर व्याज होते. वरचे साडेचारशे हे तुमचेच मुद्दल आहे. जिनी मे ही अमेरिकी सरकारी संस्था; तिच्या पास-थ्रू रोख्यामागे गृहकर्जांचा एक गठ्ठा, म्हणजे ‘पूल’, असतो, आणि त्या कर्जांचे हप्ते व मुदतीआधी फेडलेल्या रकमा जशा जमा होतात, तशा त्या तुमच्यापर्यंत येतात. ब्रोकरच्या विवरणात ‘पूल फॅक्टर’, म्हणजे मूळ मुद्दलाचा किती भाग अजून फिटायचा आहे तो आकडा, शोधा. तो ०.८९च्या आसपास असेल, तर पन्नास हजारांतले साधारण ४४,५०० उरले आहेत आणि साडेपाच हजार मुद्दल तुम्ही किराणा-बिलांत खर्च केले आहे. करासाठी येणाऱ्या १०९९-आयएनटी फॉर्मवर सव्वातीन हजारांच्या आतच व्याज दिसेल, त्यावरूनही खात्री होईल. विकणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. मुद्दलाची परतफेड व्याज म्हणून खपवणे मला अक्षम्य वाटते.

आता ११०चा भाव. भाव दर १०० डॉलर दर्शनी मूल्यामागे मोजतात. साडेसहाच्या रोख्यामागे सुमारे सात टक्क्यांची कर्जे असतात. नवे कर्ज साडेपाच टक्क्यांना मिळू लागले, तर तीन लाखांच्या तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता २,००० वरून १,७०० डॉलरवर येतो, आणि मग घरमालक रिफायनान्स करतोच. त्याने जुने कर्ज फेडले की तुमच्या हाती दर १०० मागे १०० येतात, १०३ नव्हे. वर्षात उरलेल्यापैकी चाळीस टक्के कर्जे फिटली, तर सुमारे १७,८०० डॉलर परत येतील, त्यांवर जास्तीचे दिलेले तीन टक्के, म्हणजे पाचशेच्या वर डॉलर, बुडतील, आणि ती रक्कम नेमकी दर उतरलेले असताना पुन्हा गुंतवावी लागेल. जो रोखा काही महिन्यांत शंभराने परत येऊ शकतो, त्याला ११० कोण देईल? म्हणून भाव १०४-१०५च्या आसपास अडखळतो. तेवढ्याच उतारात मुदतीआधी न फेडता येणारा अमेरिकी सरकारचा दहा वर्षांचा ट्रेझरी रोखा दहा-बारा टक्के चढतो. जिनी मेच्या मागे अमेरिकी सरकारची हमी आहे, पण ती मुद्दल आणि व्याज वेळेवर मिळण्याची आहे. तुम्ही दर शंभरामागे जास्तीच्या मोजलेल्या तीन डॉलरांची नाही. कर्जदार थकला तरी ते कर्ज पूलमधून काढून शंभरानेच परत मिळते.

दर चढले, तर उलटे होते: २०२२मध्ये स्वस्त कर्ज कोणी सोडेना, परतफेड मंदावली आणि मुद्दल परत यायचा काळ लांबला, तोही भाव पडत असताना. दर उतरण्यावर पैसा लावायचाच असेल, तर ट्रेझरी घ्या. आहेत ते रोखे राहू द्या, मात्र पुढच्या महिन्यापासून दरमहा व्याजाएवढेच खर्चाला काढा आणि बाकीचे वेगळ्या खात्यात साठवून पुन्हा गुंतवा.