n·aₙ शून्याकडे जातं, पण सिद्धतेत n+1 ते 2n हीच पदं का?

प्रश्न: पदं धन आणि घटती, श्रेणी अभिसारी, तर n·aₙ → 0. सिद्धता ओळीओळीने कळते, पण n+1 पासून 2n पर्यंतचीच पदं का घेतात? पहिल्या पदापासून घेतली तर का चालत नाही? आणि ‘घटती’ ही अट खरंच लागते का?

आधी पहिल्या पदापासूनच घेऊन बघू, म्हणजे नेमकं कुठे अडतं ते दिसेल. पदं घटती आहेत, त्यामुळे a₁ ते aₙ या n पदांत aₙ सगळ्यात लहान. तेव्हा त्या n पदांची बेरीज n·aₙ पेक्षा कमी असूच शकत नाही:

n·aₙ ≤ a₁ + a₂ + … + aₙ = Sₙ ≤ S

S म्हणजे अख्ख्या श्रेणीची बेरीज. ही ओळ अगदी बरोबर आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी इथेच अडकलो होतो, कारण आता फक्त सीमा घ्यायची बाकी आहे असं वाटतं. पण n वाढला की उजवी बाजू S कडे जाते, शून्याकडे नाही. हाती एवढंच येतं की n·aₙ कधी S च्या वर जात नाही.

अडचण सुरुवातीच्या पदांची आहे. a₁, a₂, a₃ ही मोठी पदं उजव्या बेरजेत कायम बसून राहतात. aₙ किती लहान आहे याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो, तरी बेरीज तीच फुगवतात. म्हणून ती काढून टाकायची. प्रश्न एवढाच उरतो की किती काढायची.

समजा जवळजवळ सगळीच काढली आणि aₙ सकट शेवटची फक्त 10 पदं ठेवली. आता उजवी बाजू नक्की शून्याकडे जाते, पण डावीकडे मिळतं 10·aₙ. आपल्याला हवं होतं n·aₙ, तेव्हा हे फारच दुबळं झालं. उलट अगदी थोडी, समजा पहिली 10 काढली, तर डावीकडे (n−10)·aₙ मिळतं, जे n·aₙ च्या जवळपास आहे. पण उजवीकडे a₁₁ पासूनची सगळी बेरीज उरते आणि ती शून्याकडे जात नाही. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या आहेत: तुकड्याची सुरुवात पुढे पुढे सरकत राहिली पाहिजे, म्हणजे उजवी बाजू शून्याकडे जाईल, आणि तुकड्यातल्या पदांची संख्या n च्या ठरावीक हिश्श्याएवढी राहिली पाहिजे, म्हणजे डावीकडे n टिकून राहील. निम्मी काढून निम्मी ठेवणं हा दोन्ही सांभाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. 2n मध्ये पवित्र काही नाही. n+1 ते 3n घेतली तरी सिद्धता तशीच चालते.

आता तीच सिद्धता पुन्हा वाचा. aₙ₊₁ ते a₂ₙ ही n पदं आहेत आणि त्यांत सगळ्यात लहान a₂ₙ. म्हणून

n·a₂ₙ ≤ aₙ₊₁ + … + a₂ₙ = S₂ₙ − Sₙ

श्रेणी अभिसारी आहे, तेव्हा S₂ₙ आणि Sₙ दोन्ही S कडे जातात आणि त्यांचा फरक शून्याकडे. दोन्ही बाजूंना 2 ने गुणलं की 2n·a₂ₙ → 0. सम क्रमांकांचं काम झालं. विषम क्रमांकासाठी पुन्हा घटतेपणा वापरायचा: a₂ₙ₊₁ ≤ a₂ₙ, म्हणून (2n+1)·a₂ₙ₊₁ ≤ 2n·a₂ₙ + a₂ₙ. उजवीकडची दोन्ही पदं शून्याकडे जातात. ही विषम क्रमांकाची ओळ परीक्षेत बरेच जण विसरतात आणि तिचे गुण जातात, म्हणून ती मुद्दाम लिहा.

हा तुकडा तुम्ही आधी एकदा पाहिलेला आहे. 1 + 1/2 + 1/3 + … ही श्रेणी अपसारी आहे हे दाखवताना 1/3 + 1/4 ≥ 1/2, मग 1/5 ते 1/8 ची बेरीज ≥ 1/2, असे गट पाडतात. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने दिलेली युक्ती ती हीच. तिथे n·aₙ कायम 1 असतं, म्हणून प्रत्येक तुकडा निदान अर्धा भरतो आणि बेरीज थांबत नाही. आपलं प्रमेय तीच गोष्ट कुठल्याही घटत्या श्रेणीबद्दल सांगतं.

त्याचा उपयोगही मुख्यतः असा उलट बाजूनेच होतो. पदं घटती असून n·aₙ शून्याकडे जात नसेल, तर श्रेणी अपसारी. माझं आवडतं उदाहरण aₙ = 1/n^(1+1/n). घातांक प्रत्येक पदात 1 पेक्षा मोठा आहे, त्यामुळे 1/n^p चा नियम आठवून पुष्कळ विद्यार्थी ‘अभिसारी’ लिहून मोकळे होतात. पण तिथे p ठरलेला असतो, इथे घातांक 1 कडे सरकत जातो. पदं घटती आहेत (लॉगॅरिदम घेऊन विकलन केलंत की दिसेल), आणि n·aₙ = 1/n^(1/n). n = 100 ला हे सुमारे 0.955 येतं, n = 1000 ला 0.993, आणि सीमा आहे 1. शून्य नाही, म्हणजे श्रेणी अपसारी. एका ओळीत निकाल.

आता ‘घटती’ या अटीकडे येऊ. ती लागतेच. n पूर्ण वर्ग असेल तेव्हा aₙ = 1/n घ्या, एरवी aₙ = 1/n². वर्गांवरच्या पदांची बेरीज 1 + 1/4 + 1/9 + … अशी होते, म्हणजे ती मर्यादित. बाकीच्या पदांची बेरीजही 1/n² च्या बेरजेपेक्षा कमीच. तेव्हा श्रेणी अभिसारी आहे. पण 4, 9, 16, 25 या प्रत्येक जागी n·aₙ = 1, मग ते शून्याकडे जाणार कसं?

सिद्धता इथे कुठे मोडते ते आकड्यांत बघणं फार उपयोगाचं आहे. 51 ते 100 हा तुकडा घ्या. त्यात वर्ग तीनच: 64, 81 आणि 100. 1/64 + 1/81 + 1/100 म्हणजे साधारण 0.038, आणि बाकीच्या 47 पदांची मिळून बेरीज 0.01 च्या आतच. एकूण तुकडा 0.05 च्याही खाली. सिद्धतेप्रमाणे तो निदान 50·a₁₀₀ = 0.5 एवढा असायला हवा होता. a₁₀₀ च्या मागे उभी असलेली बहुतेक पदं त्याच्यापेक्षा कितीतरी लहान आहेत, म्हणून एका पदावरून n पदांचा अंदाज बांधता येत नाही. सिद्धतेला घटतेपणा हवा असतो तो एवढ्यासाठीच. मात्र पदं पहिल्यापासून घटती असायची गरज नाही. एखाद्या क्रमांकापुढे वाढणं थांबलं तरी पुरे, आणि लागोपाठची पदं समान असली तरी चालतं.

तुम्ही विचारलं नाही, पण यानंतर हमखास एक प्रश्न येतो: n·aₙ → 0 असेल तर श्रेणी अभिसारी म्हणायची का? हा गैरसमज जुना आहे आणि छापूनही आला होता. 1827 मध्ये लुई ऑलिव्हिए यांनी बर्लिनहून निघणाऱ्या क्रेले यांच्या नियतकालिकात असाच निकष मांडला. पुढच्याच वर्षी, 1828 मध्ये, नील्स हेन्रिक आबेल यांनी त्याच नियतकालिकात तो खोडून काढला. आबेल तेव्हा पंचविशीत होते. त्यांचं उदाहरण होतं aₙ = 1/(n·ln n), n = 2 पासून. इथे n·aₙ = 1/ln n, जे शून्याकडे जातं. पण तुकडे पाडून बघा: 2ᵏ च्या पुढच्या पदापासून 2ᵏ⁺¹ पर्यंत 2ᵏ पदं आहेत, आणि सगळ्यात लहान पद 1/(2ᵏ⁺¹·(k+1)·ln 2). म्हणून हा तुकडा निदान 1/(2·(k+1)·ln 2) एवढा भरतो. असे सगळे तुकडे मिळवले की पुन्हा 1 + 1/2 + 1/3 + … हीच श्रेणी समोर येते, आणि ती थांबत नाही.

संगणकावर बेरीज करून मात्र हे कधीच पटणार नाही. ही बेरीज ln(ln N) च्या वेगाने वाढते. दहा लाख पदांवरून 10¹² पदांवर गेलात तरी तिच्यात भर पडते ती जेमतेम 0.69 ची. पडद्यावरचा आकडा थांबल्यासारखा दिसतो म्हणून श्रेणीला अभिसारी म्हणू नका.

मग n च्या जागी थोडं मोठं काही ठेवता येईल का? श्रेणी अभिसारी आणि पदं घटती असतील तर n·log n·aₙ सुद्धा शून्याकडे जाईल का? नाही, आणि याचं उदाहरण हाताने बांधता येतं. इथे log म्हणजे 10 या पायाचा. पहिली 100 पदं प्रत्येकी 1/200 घ्या, त्यांची बेरीज 1/2. 101 पासून 10⁴ पर्यंतची पदं प्रत्येकी 1/(4·10⁴) घ्या, बेरीज 1/4 च्या आत. त्यापुढे 10⁸ पर्यंत प्रत्येकी 1/(8·10⁸), बेरीज 1/8 च्या आत. दरवेळी तुकड्याच्या शेवटच्या क्रमांकाचा वर्ग करून पुढच्या तुकड्याचा शेवट ठरवायचा आणि पुढचा 2 चा घात वापरायचा. पदं कुठेच वाढत नाहीत आणि एकूण बेरीज 1 च्या पुढे जात नाही. तुकड्यांच्या टोकांना n·aₙ येतं 1/2, 1/4, 1/8, म्हणजे प्रमेय सांगतं तसं ते शून्याकडेच निघालंय. पण त्याच टोकांना log n आहे 2, 4, 8, म्हणून n·log n·aₙ प्रत्येक टोकाला बरोबर 1 येतं.