बीमवरून दोन चाकं जाताना छेदावरचा मोमेंट कमाल नेमका कधी होतो?

प्रश्न: १० मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम आहे. गाडी डावीकडून उजवीकडे जाते, मागचं चाक १०० किलोन्यूटन, पुढचं ६०, दोघांत ४ मीटर अंतर. डाव्या टेक्यापासून ४ मीटरवरच्या छेदावर कमाल बेंडिंग मोमेंट आणि डाव्या टेक्याची कमाल रिॲक्शन हवी आहे. दोन्ही भारांचा रिझल्टंट छेदावर ठेवून मला मोमेंट २३४ आणि रिॲक्शन ९६ आली. पुस्तकात २८८ आणि १३६ आहे. चूक कुठे होतेय?

उत्तर:

तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, चाकं चुकीच्या जागी उभी आहेत. शिवाय एकाच जागी उभ्या केलेल्या गाडीवरून तुम्ही दोन्ही उत्तरं काढलीत. मोमेंटची वाईट जागा वेगळी, रिॲक्शनची वेगळी.

आधी रिॲक्शन, कारण ती सोपी आहे. डाव्या टेक्याला अ म्हणू, उजव्याला ब आणि छेदाला क. एक किलोन्यूटनचा भार बीमवरून सरकवत नेला तर अ वरची रिॲक्शन भार अ वर असताना १, ब वर असताना ०, आणि मध्ये सरळ रेषेत उतरत जाते. हीच तिची इन्फ्लुअन्स लाइन. रेषा अ पाशी सर्वांत उंच, म्हणून जड चाक तिथेच ठेवायचं. हलकं मग ४ मीटरवर येतं आणि तिथली उंची ०.६. म्हणजे १०० × १ + ६० × ०.६ = १३६ किलोन्यूटन.

आता मोमेंट. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो तो इन्फ्लुअन्स लाइन आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम यांत, कारण दोन्ही त्रिकोणच दिसतात. डायग्राममध्ये भार एका जागी असतो आणि आपण बीमभर फिरून प्रत्येक छेदाचा मोमेंट वाचतो. इन्फ्लुअन्स लाइनमध्ये उलट: आपण क ला खिळून बसतो आणि भार फिरतो. ६ मीटरवरची उंची म्हणजे भार ६ मीटरवर असताना क वर येणारा मोमेंट. ६ मीटरवरच्या छेदाशी तिचा काही संबंध नाही. एककावरूनही ओळखता येतं. रिॲक्शनच्या रेषेच्या उंचीला एकक नसतं, मोमेंटच्या रेषेची उंची मीटरमध्ये असते.

क साठी त्रिकोणाचं शिखर ४ × ६ / १० = २.४ मीटर. डावी बाजू दर मीटरला ०.६ ने चढते, उजवी दर मीटरला ०.४ ने उतरते. हे दोन उतार लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

समजा हलकं चाक नुकतंच क वर आलंय. जड चाक त्याच्या ४ मीटर मागे, म्हणजे बरोबर अ वर. मोमेंट फक्त हलक्याचा: ६० × २.४ = १४४ किलोन्यूटन-मीटर. आता गाडी एक मीटर पुढे घ्या. हलकं चाक उतारावरून खाली आलं, तोटा ६० × ०.४ = २४. जड चाक चढलं, फायदा १०० × ०.६ = ६०. निव्वळ ३६ वाढले. पुढच्या मीटरलाही ३६, त्याच्या पुढेही ३६. जड चाक क वर पोचेपर्यंत ४ मीटर होतात, म्हणून १४४ + १४४ = २८८. त्यापुढे दोन्ही चाकं उतरणीवर, मोमेंट घटतच जातो.

तुमचे २३४ याच वाटेवर आहेत. रिझल्टंट जड चाकापासून ६० × ४ / १६० = १.५ मीटरवर असतो. तो क वर आणला की हलकं चाक क च्या २.५ मीटर पुढे जातं, आणि १४४ + ३६ × २.५ = २३४. म्हणजे मोमेंट अजून वाढतच होता आणि तुम्ही गाडी मध्येच थांबवलीत. चाकं शिखराच्या दोन बाजूंना असताना मोमेंट सरळ रेषेत बदलतो, आणि सरळ रेषेला मध्ये कुठे शिखर नसतं. म्हणून कमाल मोमेंट नेहमी कुठलं तरी एक चाक छेदावर असतानाच येतो. दोन चाकं, दोन तपासण्या, संपलं.

पडताळा घ्यायचा तर जड चाक ४ वर, हलकं ८ वर ठेवा. अ ची रिॲक्शन १०० × ०.६ + ६० × ०.२ = ७२, आणि ७२ × ४ = २८८. इथे रिॲक्शन ७२ आहे, १३६ नाही, हेही बघा.

"जड चाक छेदावर ठेवा, झालं" असा नियम मात्र पाठ करू नका. छेद ८ मीटरवर घेतला तर शिखर १.६ येतं, डावा उतार ०.२ आणि उजवा ०.८. जड चाक छेदावर आलं तेव्हा हलकं १२ मीटरवर, म्हणजे बीमच्या बाहेर, आणि मोमेंट १६०. हलकं छेदावर असताना जड ४ मीटरवर असतं: ६० × १.६ + १०० × ०.८ = १७६. इथे हलकं चाक जिंकलं. गाडी जात असताना या छेदावरचा मोमेंट १७६ पर्यंत चढतो, हलकं चाक बाहेर पडेपर्यंत १२० वर घसरतो आणि पुन्हा १६० ला जातो. पहिला उंचवटा दिसला की हिशेब थांबवणारे इथे फक्त नशिबाने वाचतात.

याच छेदावरून गाडी उलट दिशेने आणा. आता हलकं चाक डावीकडे येतं. जड ८ वर, हलकं ४ वर: १६० + ६० × ०.८ = २०८. गाडी तीच, छेद तोच, आणि १७६ चे २०८ झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका छोट्या पुलाच्या हिशेबात मी एकच दिशा धरली होती. वरिष्ठांनी कागदावर फक्त एवढंच लिहून परत पाठवलं: "गाड्या परत येत नाहीत का?" तुमच्या गणितात दिशा दिलेली आहे म्हणून प्रश्न नाही, पण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी तपासायचंच.

पुस्तकात पुढचं गणित बहुधा 'ॲब्सोल्यूट मॅक्सिमम'चं असेल, आणि रिझल्टंटची आठवण तुम्हाला तिथूनच आली असावी. तो नियम छेद ठरलेला नसताना लागतो: जड चाक आणि रिझल्टंट यांच्या बरोबर मध्ये बीमचा मध्य यावा. इथे जड चाक ५ − ०.७५ = ४.२५ मीटरवर येतं, रिझल्टंट ५.७५ वर. अ ची रिॲक्शन १६० × ४.२५ / १० = ६८, आणि जड चाकाखालचा मोमेंट ६८ × ४.२५ = २८९. बीमच्या मध्यावर कमाल २८० च मिळतो.

हा नियम वापरताना जड चाक एकटं मध्यावर ठेवून १०० × १० / ४ = २५० हेही काढून ठेवा. या भारांसाठी चाकांतलं अंतर साधारण ५.६ मीटरच्या पुढे गेलं की ते एकटं चाकच मोठं उत्तर देतं, दोन्ही चाकं बीमवर मावत असली तरी. दोन्ही चाकं सारखी असतील तर ही हद्द लांबीच्या ०.५८६ पट.