एकशे साठ कोटींची कंपनी आणि तुमचा थकलेला चुकारा

*"नमस्कार. वणी तालुक्यात आमची नऊ एकर शेती आहे. डिसेंबरात 70 क्विंटल कापूस एका ॲपवाल्या कंपनीला दिला, मार्केटपेक्षा क्विंटलमागे 200 रुपये जास्त भावानं. आता पेपरात आलं की कंपनीला 8 कोटींचा निधी मिळाला, मूल्यांकन 160 कोटी, वार्षिक उलाढाल 120 कोटी. गावातला त्यांचा पोरगा शेअर देतो म्हणतो. दोन वर्षांत आयपीओ, पैसे तिप्पट. चुकाऱ्याचे साडेतीन लाख यायचे आहेत, ते शेअरमध्येच वळते करतील. घरचे दीड लाख आणखी टाकू का? पीककर्ज 1 लाख 40 हजार आहे, ते मागून भरू. ताळेबंदाचे फोटो जोडले आहेत."*
*— एक शेतकरी, वणी तालुका, जि. यवतमाळ*

भाऊ, दीड लाख टाकू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्रातली खरी भानगड त्या दीड लाखात नाही, साडेतीन लाखांत आहे, आणि ती तुम्ही एका ओळीत उरकून टाकली आहे.

आधी पेपरातली बातमी बघू, कारण त्या बातमीच्या जोरावरच तुमचा चुकारा अडवून ठेवलेला दिसतो.

160 कोटी हा आकडा कंपनीच्या तिजोरीत नाही. कोणीतरी 8 कोटी देऊन 5 टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. 5 टक्क्यांचे 8 कोटी, म्हणून शंभर टक्क्यांचे 160. हायवेला लागून एक गुंठा कोणी 5 लाखांना घेतला म्हणून तुमच्या नऊ एकरांतल्या प्रत्येक गुंठ्याला तोच भाव लावण्यातला प्रकार. बाकीचे 95 टक्के त्या भावाला घ्यायला कोणीही आलेलं नाही. बायजूज या शिकवणीच्या ॲपवाल्या कंपनीचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. 2024 मध्ये त्यांच्या एका मोठ्या गुंतवणूकदारानं, प्रोसस कंपनीनं, आपल्या हिश्शाची किंमत स्वतःच्या हिशेबात शून्य धरली.

शिवाय तो 8 कोटीवाला आणि तुम्ही एकाच रांगेत नसता. असे गुंतवणूकदार बहुधा प्रेफरन्स शेअर घेतात आणि करारात लिहून घेतात, की कंपनी विकली गेली तर आधी आमची रक्कम परत. तुम्हाला मिळतील ते साधे शेअर. तुमचे पाच लाख म्हणजे 160 कोटींतला 0.03 टक्के. समजा उद्या कंपनी विकली आणि सगळी देणी भागवून 10 कोटी उरले. 8 कोटी तो घेऊन जाईल, उरलेले 2 कोटी बाकी सगळ्यांत वाटले जातील. तुमच्या वाट्याला साडेसहा हजार.

आता उलाढाल. तुमच्या फोटोतल्या नफा-तोटा पत्रकात वर्षभराची विक्री 31 कोटी आहे. मग पेपरात 120 कोटी कुठून आले? माझा अंदाज असा, की डिसेंबरात 10 कोटींचा कापूस फिरला आणि त्याला बारानं गुणलं. स्टार्टअपच्या बातम्यांत ही गुणाकाराची रीत सर्रास चालते. पण कापूस काही दर महिन्याला येत नाही. जूनमध्ये तुमच्या गावात विकायला किती घरी कापूस असतो, ते त्या पत्रकारानं विचारायला हवं होतं.

आणि 31 कोटी हेसुद्धा कंपनीचं उत्पन्न म्हणून धरू नका. तो जिनिंगवाल्यांना विकलेल्या कापसाचा एकूण पैसा आहे. माल आपल्या नावावर घेऊन विकला तर पूर्ण रक्कम विक्री म्हणून दाखवता येते, त्यात बेकायदा काही नाही. फक्त खालची ओळ वाचावी लागते. खरेदी 30 कोटी 20 लाख. म्हणजे कंपनीच्या हाती राहिले 80 लाख. त्यातून पगार, गाड्या, ॲप, जाहिरात मिळून 5 कोटींचा खर्च. तोटा सव्वाचार कोटींच्या आसपास. हाती राहणाऱ्या 80 लाखांच्या दोनशेपट म्हणजे ते 160 कोटी.

हा तोटा भरून कोण काढतंय? दुसऱ्या फोटोत देण्यांच्या बाजूला 'व्यापारी देणी' अशी ओळ आहे, 6 कोटी. ज्यांचा माल घेतला आणि पैसे दिले नाहीत, ते लोक. गेल्या मार्चला त्यात दुसरे शेतकरी असतील, यंदा तुम्ही आहात. गुंतवणूकदारानं 8 कोटी देताना वकील बसवून अटी घातल्या. शेतकऱ्यांनी 6 कोटी बिनव्याजी, बिनअटीचे दिले आणि त्याची बातमी कुठेच आली नाही.

तुमचा सौदा मांडून बघा. क्विंटलला 200 जास्त, 70 क्विंटलचे 14 हजार. त्या 14 हजारांसाठी साडेतीन लाख उधारीवर सोडले. बाजार समितीच्या आवारात माल विकला असता तर त्याच दिवशी चुकारा करण्याचा नियम आहे. इथे तुमच्याकडे काय आहे? ॲपवरची पावती आणि काटापट्टी असेल, तर दोन्ही जपून ठेवा. ॲपमधल्या पावतीचे फोटो आजच काढा.

चुकारा शेअरमध्ये वळवू नका. हीच सगळ्यात मोठी चूक ठरेल. आज तुम्ही कंपनीचे घेणेकरी आहात, म्हणजे कंपनी बुडाली तरी तुमचा हक्क शेअरवाल्यांच्या आधी. सही केली की देणं संपलं, तुम्ही रांगेत शेवटचे, आणि कंपनीच्या डोक्यावरचे साडेतीन लाख एका कागदानं उतरले. म्हणूनच तो पोरगा इतक्या अगत्यानं घरी येतोय. (खासगी कंपनीला एजंट फिरवून शेअर विकायला कंपनी कायद्याच्या कलम 42 नं मनाई आहे. त्याला हे माहीत नसेल, त्याच्या साहेबांना नक्की आहे.)

8 कोटी खरोखर आले का, हे वणीतला कोणताही सीए सांगू शकेल. शेअर वाटप झालं की कंपनीला पंधरा दिवसांत PAS-3 नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो कंपनी खात्याच्या पोर्टलवर 100 रुपये फी भरून बघता येतो. किती शेअर, कोणत्या भावानं, किती रक्कम, सगळं त्यात असतं. फॉर्मच नसेल तर बातमी ही नुसती बातमी. फॉर्म असेल तर आणखी बरं: पैसे आलेत, मग चुकारे का अडलेत?

कंपनीला स्पीड पोस्टानं लेखी मागणी करा, रक्कम आणि तारखा घालून. हप्ते मागितले तर कबूल करा, पण प्रत्येक हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक घ्या. चेक परतला तर कलम 138 खाली फौजदारी तक्रार होते, आणि तोंडी वायद्यापेक्षा याची धास्ती जास्त असते. दाद मिळाली नाही तर यवतमाळला जिल्हा उपनिबंधकांकडे जा. थेट खरेदीसाठी कंपनीकडे पणन खात्याचा परवाना आहे का, हे तिथे पहिल्यांदा विचारा. गावात आणखी कोणाचे अडकले असतील तर एकत्र जा. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण इतकं थांबू नका. या गतीनं खर्च झाला तर ते 8 कोटी दोन वर्षंही पुरणार नाहीत.

घरच्या दीड लाखातून पीककर्ज फेडा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तुम्हाला ते बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत जाते, थकबाकीदार म्हणून नाव लागतं, आणि खरिपाला बियाण्या-खतासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागतं. बँकेत जाऊन शेवटची तारीख विचारा आणि 1 लाख 40 हजार भरून पावती घ्या. उरलेले दहा हजार स्पीड पोस्ट, सीए आणि यवतमाळच्या फेऱ्यांना लागतील.