पायाची सूज, कोरडा खोकला आणि बीपीची गोळी

या महिन्यात माझ्या औषधांच्या दुकानात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक याच दोन तक्रारींचे आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देते.

अ‍ॅम्लोडिपिन सुरू केल्यापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. किडनी गेली का?

बहुतेक नाही, ही या गोळीची नेहमीची सूज आहे, १० मिलिग्रॅमवर ती जास्त दिसते. पण एकाच पायाला सूज आणि दुखणं, धाप लागणं, आडवं झाल्यावर श्वास अडकणं किंवा सकाळी चेहरा सुजलेला असणं, यातलं काहीही असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

शेजारच्या मेडिकलमधून पाणी काढायची गोळी आणली. चालेल ना?

नाही. आणि ज्याने ती चिठ्ठीशिवाय दिली, त्याचं चुकलंच.

या सुजेत अंगात पाणी जास्त झालेलं नसतं. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. म्हणजे रक्त आत येण्याची वाट रुंद झाली आणि बाहेर जाण्याची होती तेवढीच राहिली. मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. दिवसभर पाय खाली असतात, म्हणून ते घोट्याशी साठतं. रात्री पाय वर झाले की सकाळपर्यंत उतरतं. फ्युरोसेमाइडसारखी पाणी काढायची गोळी लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियम बाहेर काढते, झिरपण्याचं कारण जागच्या जागी राहतं.

गेल्या वर्षी ६४ वर्षांच्या एक काकू पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून कॅल्शियम मागायला आल्या. मी त्यांना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणायला सांगितल्या आणि प्रत्येकीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहिली. अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केली, त्यानंतर तीन आठवड्यांनी चपलेचा पट्टा रुतायला लागला. मग कुठल्याशा दुकानातून फ्युरोसेमाइड ४० आणली. दहा दिवसांत रात्री चार-चारदा लघवीला उठणं, उठताना चक्कर आणि हे गोळे. सूज तशीच होती. कॅल्शियम दिलं असतं तर दुसऱ्या गोळीच्या त्रासावर तिसरी गोळी सुरू झाली असती. काकूंसमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पोटॅशियम तपासलं, ते ३.१ निघालं, म्हणजे कमी. फ्युरोसेमाइड बंद केली, अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. टेल्मिसार्टन शिराही सैल करते, त्यामुळे झिरपणं कमी होतं. दोन आठवड्यांत पट्टा नीट बसायला लागला. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश जाते, त्यामुळे डोस कमी केल्यावर दुसऱ्याच दिवशी सूज उतरेल अशी अपेक्षा धरू नका.

तुमच्या बाबतीत डोस कमी करायचा, जोडगोळी द्यायची की सिल्निडिपिनसारखी दुसरी गोळी घ्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. जाताना सगळ्या स्ट्रिप्स न्या, गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा. कित्येक वेदनाशामक गोळ्यांनी सूजही येते आणि बीपीही वाढतं.

माझ्या गोळीचं नाव अ‍ॅम्लोडिपिन नाहीच, तरी पाय सुजतात.

स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. बीपीच्या बऱ्याच जोडगोळ्यांच्या मोठ्या अक्षरातल्या नावाच्या शेवटी नुसतं 'एएम' असतं, ते बहुधा अ‍ॅम्लोडिपिनच.

रामिप्रिल चालू आहे. दोन महिने कोरडा खोकला, तीन सिरप संपली. आता कोणतं घेऊ?

कोणतंही नाही. ज्या एन्झाइमला रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या रोखतात, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन हे द्रव्यही मोडतं. एन्झाइम रोखलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि घशात सतत खवखव होते. कफ नसतो, ताप नसतो, रात्री आडवं झाल्यावर ढास लागते. सिरप त्या कारणापर्यंत पोचतच नाही. उलट सर्दी-खोकल्याच्या काही सिरपांत फिनाइलेफ्रिन असतं, ते बीपी वाढवू शकतं. मी सिरप मागणाऱ्याला आधी विचारते, 'बीपीची कोणती गोळी चालू आहे?' खोकला गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकतो, म्हणून लोकांच्या ते लक्षात येत नाही. मात्र वजन घटणं, ताप, थुंकीत रक्त असेल तर गोळीवर ढकलू नका, छाती तपासून घ्या.

मग गोळी मीच बंद करू का?

नको. दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा. हृदयासाठी दिली असेल तर आजच फोन करा. ती बदलल्यावर खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित जास्त वेळ लागतो.

तुम्हीच बदलून टेल्मिसार्टन द्या ना, डॉक्टरांची फी वाचेल.

देणार नाही. ही चिठ्ठीवरची औषधं आहेत, आणि बदलण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम बघावं लागतं. गर्भारपणात तर दोन्ही चालत नाहीत. मी डॉक्टरांसाठी तारखांसह तक्रार लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही.

रामिप्रिलनंतर ओठ सुजले, अ‍ॅलर्जीच्या गोळीने उतरले. पुन्हा सुरू करू?

अजिबात नाही, त्या गटातली कुठलीच गोळी पुन्हा नको. आजच डॉक्टरांना सांगा आणि फाइलवर लाल पेनाने लिहून घ्या. पुन्हा ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर दुकानात येऊ नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.