स्विचगिअरच्या ओ अँड एम मॅन्युअलची रचना

प्रश्न: ११ केव्हीचं व्हीसीबी पॅनल फॅसिलिटी टीमला हँडओव्हर करायचं आहे. मॅन्युअलमध्ये काय, कोणत्या क्रमाने द्यावं?

कंपनीचे कॅटलॉग शेवटी, परिशिष्टात टाका. पहिल्या पानावर अ‍ॅज-बिल्ट सिंगल लाइन डायग्राम हवा आणि त्यातली फीडरची नावं पॅनलवरच्या पाट्यांशी अक्षरशः जुळायला हवीत.

त्यानंतर ऑपरेशन. प्रत्येक फीडरला वेगळं पान द्या. उदाहरणार्थ, ट्रान्सफॉर्मर फीडर बंद करताना: आधी एलटी इनकमर ऑफ करून रॅक-आउट, कारण डीजी किंवा सोलरमुळे उलट बाजूने सप्लाय येऊ शकतो. मग व्हीसीबी ऑफ, ट्रॉली टेस्ट पोझिशनला, केबल डेड असल्याची खात्री, अर्थ स्विच ऑन, कुलूप आणि टॅग. कोणता इंटरलॉक कुठे अडवतो तेही तिथेच लिहा. नाहीतर हँडल अडलं की लोक जोर लावतात.

मग रिले सेटिंग. मंजूर झालेलं नव्हे, रिलेमध्ये प्रत्यक्ष भरलेलं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे कमिशनिंगच्या चाचण्यांचे आकडे. समजा तीन वर्षांनी कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स ५८ मायक्रोओहम आला. सुरुवातीला ५५ असेल तर चिंता नाही. ३० असेल तर कॉन्टॅक्ट तपासायलाच हवेत. म्हणून आर, वाय, बी तिन्ही फेजचे आकडे, टेस्ट करंट आणि मोजलेली टोकं नोंदवा, पुढच्या चाचणीसाठी शेजारचा रकाना रिकामा ठेवा. मेगरच्या आकड्यासोबत तापमान आणि आर्द्रताही लिहा. पावसाळ्यातलं रीडिंग उन्हाळ्यातल्याशी जुळत नाही.

मेंटेनन्सचं वेळापत्रक आणि स्पेअरची यादी एकेका पानात बसते.