ओक ट्री रोडवर गोडा मसाला आणि आमसुलं

प्रश्न: न्यू जर्सीत नुकतेच राहायला आलोय. गोडा मसाला, आमसुलं, भाकरवडी जवळपास कुठे मिळेल?

एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर जा. तिथल्या पटेल ब्रदर्ससारख्या गुजराती वळणाच्या किराणा दुकानांत हे सगळं बहुतेक मिळतं. आमचा महिन्याचा किराणा तिथूनच येतो. गुजराती डाळीतही कोकम पडतं, त्यामुळे ते तिथे पडून राहत नाही, सतत खपतं. आमसूल घेताना पाकीट दाबून बघा: साल मऊ, जांभळट काळी हवी, मिठाचे कण दिसले तरी चालतील. घरी एक साल कोमट पाण्यात टाका, थोड्या वेळात पाण्याला लालसर जांभळा रंग चढतो. केरळी मालाच्या कप्प्यात त्याच्यासारखीच काळी कुडमपुळी असते. ती धुरकट वासाची. माशाच्या कालवणाला छान, पण तिची सोलकढी होत नाही. गोडा मसाला मराठी ब्रँडचाच बघा, नुसत्या ‘गरम मसाल्या’त दगडफूल, तीळ, खोबरं नसतं. भाकरवडी मात्र पॅकिंगची तारीख बघूनच घ्या, जुनी झाली की तेलाचा खवट वास येतो. ताजी चकली, चिवडा, अनारसे हवे असतील तर दिवाळीच्या आधी मराठी मंडळात विचारा, घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांचे पत्ते तिथेच कळतात.